स्वप्नात वीज पडायच्या आधी काय चाललेलं असतं?

प्रश्न: गेला महिनाभर सारखं तसलंच स्वप्न पडतंय. छान ऊन असतं, सगळं शांत असतं आणि एकदम आभाळ भरून येतं, वीज कडाडते, धो धो पाऊस लागतो. दचकून जाग येते. आई म्हणते, काहीतरी अशुभ घडणार. खरंच तसं असतं का, की मला कसलं टेन्शन आलंय?

उत्तर:

अशुभाचं आधी सांगते, कारण ती भीती डोक्यात असली की पुढचं काही नीट दिसत नाही. स्वप्नातली वीज पुढे घडणारं काही सांगत नाही. आईंना जुन्या ग्रंथाचा आधार हवा असेल तर चरकसंहितेचा द्या. तिथे स्वप्नांचे सात प्रकार आहेत आणि त्यातले पाच, म्हणजे पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छिलेलं आणि कल्पनेतलं, हे सरळ निष्फळ ठरवलेत. भविष्य सांगणारं स्वप्न हा वेगळा प्रकार तिथे आहे हे खरं, पण महिनाभर मनात काही घोळत असताना पडणारं स्वप्न त्यात बसवायचं कारण नाही. आणि ‘पहाटेचं स्वप्न खरं होतं’ यामागचं कारण साधं आहे. रात्रीच्या उत्तरार्धात स्वप्नांच्या झोपेचे टप्पे लांबत जातात, त्यातूनच थेट जाग येते, म्हणून पहाटेचं स्वप्न स्पष्ट लक्षात राहतं.

टेन्शनचा तुमचा अंदाज बहुधा बरोबर आहे. पण कसलं टेन्शन, हे विजेकडे बघून कळत नाही. मी सोलापुरात समुपदेशन करते आणि वादळाची स्वप्नं सांगणारी माणसं वीज, पाऊस, गडगडाट यांचंच वर्णन करत राहतात. मी त्यांना त्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटाबद्दल विचारते.

असं का, ते थोडं खुलासेवार सांगते. अर्नेस्ट हार्टमन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी अनेक वर्षं वाईट प्रसंगांतून गेलेल्या माणसांची स्वप्नं अभ्यासली. आगीतून वाचलेल्या माणसाला सुरुवातीला आगीची स्वप्नं पडतात. पण लवकरच तो सांगायला लागतो, ‘मी किनाऱ्यावर होतो, प्रचंड लाट आली आणि मला घेऊन गेली.’ खऱ्या प्रसंगात लाट कुठेच नव्हती. हार्टमन यांचं म्हणणं असं, की मनात जी भावना सगळ्यात जोरात असते तिचं स्वप्न चित्र करतं, आणि भावना जितकी तीव्र तितकं चित्र ठळक. म्हणजे वादळावरून भावनेचा जोर कळतो. ती कशाबद्दल आहे, हे स्वप्नातल्या बाकीच्या बारीकसारीक गोष्टींतून शोधावं लागतं.

आता ‘एकदम’ या तुमच्या शब्दाकडे येऊ. सोलापूरकराला वळवाचा पाऊस सांगायला नको. दुपारी चारला आभाळ काळंकुट्ट होतं, पण ते चारला सुरू झालेलं नसतं. सकाळपासून जमीन तापत असते, हवेतला दमटपणा वाढत असतो, दुपारी वारा पडतो, अंगाची काहिली होते आणि मग ढग उभे राहतात. कूलर लावून घरात बसलेल्याला मात्र पाऊस अचानक आल्यासारखा वाटतो. स्वप्नातल्या अचानक बदलालाही मी असंच वाचते. ताण साठत आलेला असतो, जागेपणी तिकडे लक्ष दिलेलं नसतं. दिवसा ‘काही नाही, सगळं ठीक आहे’ म्हणणाऱ्यांकडून मी स्वच्छ उन्हातून थेट वादळात जाणारी स्वप्नं जास्त ऐकते. ज्यांना आपला ताण माहीत असतो, त्यांच्या स्वप्नात बहुधा सुरुवातीपासूनच ढगाळ असतं. हा माझ्या कामातला अनुभव आहे, नियम म्हणून घेऊ नका.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तिशीतला माणूस, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणारा, एकत्र कुटुंबात राहणारा. त्याचं स्वप्न असं: मे महिना, गच्चीवर वहिनींनी कुरडया वाळत घातल्यात, तो राखण करत बसलाय. कडक ऊन. मग एकदम अंधारून येतं, शेजारच्या लिंबावर वीज पडते, टपोरे थेंब सुरू होतात. तो कुरडया गोळा करायला धावतो, पण हातात एकही येत नाही, बोटांतच विरघळते. जाग येते तेव्हा छाती धडधडत असते.

त्याला वाटत होतं, विजेची भीती बसलीय. मी विचारलं, अंधारून यायच्या आधी गच्चीवर कोण होतं? म्हणाला, कोणीच नाही. थोड्या वेळाने म्हणाला, दादा वर आला होता. काय म्हणाला? ‘कपाटाची चावी कुठाय?’ एवढंच.

एका स्वप्नावरून मी काही ठरवत नाही. त्याला उशाशी वही ठेवायला सांगितलं. जाग आल्यावर मोबाइल हातात घ्यायच्या आधी तीन गोष्टी लिहायच्या: जागं होताना काय वाटत होतं, हवा बदलायच्या लगेच आधी काय चाललं होतं, आणि आदल्या दिवशी कुठली गोष्ट बोलायची राहून गेली. वीज किती मोठी होती हे शेवटी लिहायचं, नाही लिहिलं तरी चालेल. क्रम महत्त्वाचा आहे, कारण भावना पहिल्या काही मिनिटांत विरते आणि चित्र तेवढं उरतं.

नोंदी जमल्या तेव्हा जागा दर वेळी वेगळी निघाली. एकदा सिद्धेश्वर तलावाचा काठ, एकदा एसटी स्टँड, एकदा शाळेचा वर्ग. आभाळ फिरायच्या आधी मात्र कुणीतरी त्याच्याकडे काहीतरी मागत होतं: चावी, तिकीट, वही. आणि तो खिसे चाचपत होता, ‘देतो’ही म्हणत नव्हता आणि ‘नाही’ही म्हणत नव्हता. हे त्याला मी सांगितलं नाही. वही वाचता वाचता तो स्वतःच थांबला. दादाला नव्या मागांसाठी कर्ज हवं होतं, घर तारण ठेवायचं होतं आणि कागदावर धाकट्याची सही लागत होती. कित्येक महिने तो ‘बघू’ म्हणत होता. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. विरघळणाऱ्या कुरडया म्हणजे घर, असा अर्थ त्याने लावला. मी त्यावर जोर दिला नाही, पण तो म्हणताना त्याचा चेहरा उतरला होता, आणि अशा ठिकाणी माणसाच्या चेहऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

पुढे त्याने आधी बायकोला सांगितलं, मग दादाला स्पष्ट नाही म्हटलं. घरात बराच काळ अबोला राहिला, तेव्हा स्वप्नाचा अर्थ लागला आणि सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. वादळाची स्वप्नं विरळ झाली. एका स्वप्नात पाऊस आला आणि तो आडोशाला उभा राहून बघत होता. अशा वेळी मी हाच बदल शोधते. हवा तीच असली तरी माणूस आता काय करतो? धावतो, गोठतो, की आडोसा शोधतो?

चुकीचा अर्थ लावला जातोय हे कसं ओळखायचं? एक तर अर्थ ऐकून आत काहीच हललं नाही तर तो सोडून द्यावा, कितीही हुशारीचा असला तरी. दुसरं, रात्री बाहेर खरंच वळीव कोसळत असेल तर त्या रात्रीची नोंद बाजूला ठेवावी. विल्यम डिमेंट आणि एडवर्ड वोल्पर्ट यांनी 1958 साली झोपलेल्या माणसांवर पाण्याचा फवारा मारून, उजेड पाडून, आवाज ऐकवून मग त्यांना उठवलं होतं. स्वप्नात सगळ्यात जास्त शिरलं ते पाणी, आणि तेही प्रत्येक वेळी नाही. त्या हिशेबकाराच्या वहीतही असं एक पान होतं. त्या रात्री अंगणात पत्रे वाजत होते, स्वप्नात कुणी काही मागितलं नव्हतं. ते पान आम्ही धरलंच नाही.

तिसरी चूक म्हणजे ‘पाऊस म्हणजे अश्रू, वीज म्हणजे राग’ अशा याद्या. आपल्याच जिल्ह्यात बघा. मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्याला हस्ताचा पाऊस म्हणजे वर्षभराची भाकरी, पण कणसं भरल्यावर तोच पाऊस आला तर दाणा काळा पडतो. पंढरपूरकडच्या द्राक्षबागायतदाराच्या स्वप्नातल्या ढगाला वेगळीच भीती असते. तुम्हाला पावसाचं काय वाटतं, हे तुम्हालाच विचारावं लागेल. लहानपणी पुरात अडकला असाल किंवा जवळ वीज पडलेली पाहिली असेल, तर स्वप्न थेट त्या आठवणीचंही असू शकतं.

तर तुम्ही आठवडाभर वरच्या तीन नोंदी ठेवा. ऊन असतानाच्या शेवटच्या क्षणी कोण जवळ होतं, कुणी काय विचारलं, तुम्ही काय टाळलंत, एवढं मिळालं तरी पुष्कळ आहे. मग दुपारी, जागेपणी, त्या स्वप्नाचा पुढचा भाग स्वतः बदलून लिहा. वीज थांबवायची गरज नाही, तुम्ही काय करता ते बदला: दार उघडा, कुणाला हाक मारा, आडोशाला जा. रोज दहा-पंधरा मिनिटं ते डोळ्यांसमोर आणा. वारंवार पडणाऱ्या वाईट स्वप्नांवर ही पद्धत उपचारांत वापरली जाते. बॅरी क्राको यांनी लैंगिक अत्याचारातून गेलेल्या स्त्रियांवर तिचा उपयोग तपासला होता, तो अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. तिथेही त्रास कमी झाला होता.

झोपायचीच भीती वाटायला लागली, रोज दचकून उठून दिवसा काम होईनासं झालं किंवा एखाद्या अपघाताच्या, मृत्यूच्या प्रसंगानंतर हे सुरू झालं असेल, तर वहीवर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आणि महिनाभरापूर्वी रक्तदाबाची किंवा धडधडीची नवी गोळी सुरू झालीय का ते आठवा. प्रोप्रानोलोलसारख्या काही गोळ्यांनी भडक स्वप्नं पडू शकतात. तसं असेल तर गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना स्वप्नांबद्दल सांगा, त्याऐवजी दुसरी देता येते का ते तेच बघतील.