डॉलरमधलं कोटेशन: आधी कार्टन मोजा, मग भाव लिहा

प्रश्न: परदेशातल्या एका दुकानदाराने हाताने रंगवलेल्या ४८० सिरॅमिक वाडग्यांचा डॉलरमध्ये भाव मागितलाय. पॅकिंग, भाडं वगैरे धरून कोटेशन कसं द्यायचं आणि पैसे अडकू नयेत म्हणून काय करायचं?

भावाला हात लावण्याआधी एक कार्टन खरोखर भरून बघा. सिरॅमिकमध्ये भाडं वजनावर नाही, जागेवर लागतं आणि ती जागा पॅकिंगवर ठरते.

समजा, वाडगा १४ सेंमी रुंद, ७ सेंमी उंच आणि ३५० ग्रॅमचा आहे. प्रत्येकाला १६×१६×९ सेंमीचा आतला डबा दिला आणि असे २४ डबे एका मोठ्या कार्टनमध्ये बसवले, तर भिंती आणि गादी धरून बाहेरचं माप साधारण ६८×५२×२३ सेंमी येतं आणि वजन ११ किलोच्या आसपास. म्हणजे २० कार्टन, २२० किलो, सुमारे १.६३ घनमीटर. समुद्रमार्गे पूर्ण कंटेनर न भरणारा सुटा माल पाठवताना १ घनमीटर आणि १ टन यांतलं जे जास्त भरेल त्यावर भाडं लागतं. इथे वजन पाव टनही नाही, त्यामुळे बिल १.६३ घनमीटरचंच येणार. कुरियरने पाठवायचं म्हटलं तर लांबी, रुंदी, उंची सेंमीमध्ये गुणून बहुतेक कंपन्या ५००० ने भागतात. आपलं ११ किलोचं कार्टन तिथे सव्वासोळा किलोचं ठरतं.

आता खरेदीदाराला एक प्रश्न विचारा: प्रत्येक वाडग्याला वेगळा डबा हवाच आहे का? तीन वाडगे मध्ये फोम घालून एकात एक बसवले तर १६ सेंमी उंचीच्या एका डब्यात मावतात. वेगवेगळ्या तीन डब्यांना २७ सेंमी लागतात. जवळजवळ चाळीस टक्के जागा वाचते. मात्र असं रचल्यावर कडा एकमेकींवर घासतात आणि सोनेरी किंवा नाजूक रंगाची किनार असेल तर ती आधी जाते. म्हणून भरलेलं कार्टन सुमारे ६० सेंमीवरून दहा वेळा पाडून बघा: एकदा कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर. उघडल्यावर फक्त फुटलेले वाडगे शोधू नका. किनारीवरचे टवके आणि रंगावरचे ओरखडेही बघा, कारण तक्रारी बहुतेक त्यांच्याच येतात. कार्टनखाली लाकडी पॅलेट किंवा पेटी असेल तर ती उष्णता दिलेल्या लाकडाची आणि लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, म्हणजे आयएसपीएम १५ चा शिक्का असलेलीच घ्या. तो नसेल तर माल पोहोचल्यावर बंदरात अडकू शकतो. प्लायवूडला हा नियम लागू नाही.

माप हातात आलं की भाव मांडा. उदाहरणादाखल आजच्या दराने वाडगा बनवायला ३ डॉलर आणि पॅकिंगला ४० सेंट पडतात असं धरू. बंदरापर्यंतची वाहतूक, कस्टम्सची कामं, गोदाम आणि कागदपत्रं मिळून २४० डॉलर, म्हणजे नगामागे ५० सेंट. झाले ३.९०. यातले २४० डॉलर जवळजवळ ठरलेलेच असतात. खरेदीदार नंतर म्हणाला, "आधी २४० नगच पाठवा," तर तेच ५० सेंट एक डॉलर होतात. म्हणून कोटेशनमध्ये "हा भाव किमान ४८० नगांसाठी" हे वाक्य हवंच.

मग चलनाचा भाग. भाव डॉलरमध्ये, खर्च आपल्या चलनात, आणि पैसे हातात येईपर्यंत दर हललेला असतो. आजच्यापेक्षा तीन टक्के कमी दर धरून हिशोब केला तर ३.९० चे ४.०२ होतात. त्यावर बँकेचा खर्च ६ सेंट आणि नफा ७२ सेंट मिळवले की ४.८०. ही तीन टक्क्यांची गादी ठेवली नाही आणि आपलं चलन पाच टक्क्यांनी वधारलं, तर ४.६८ च्या भावावर सुमारे २३ सेंट जातात, म्हणजे नफ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. कोटेशनची मुदत १५ किंवा फार तर ३० दिवस ठेवा. आगाऊ रक्कम आली की लगेच बदलून घ्या, तेवढ्यावरचा धोका तिथेच संपतो. ऑर्डर मोठी असेल तर बँकेकडे आगाऊ दर बांधून घेण्याचा, म्हणजे फॉरवर्डचा पर्याय आहे. २३०० डॉलरच्या ऑर्डरसाठी तो खटाटोप मी तरी करणार नाही.

आता शर्त, म्हणजे कुठपर्यंतचा खर्च आणि जोखीम कोणाची ते. नुसतं "एफओबी ४.८०" लिहू नका, बंदराचं नाव आणि अशा शर्तींच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं नाव, "इन्कोटर्म्स २०२०", हेही लिहा. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमची असते. पण सुटा माल तुम्ही फॉरवर्डरच्या, म्हणजे माल पुढे पाठवणाऱ्या एजंटच्या गोदामात देता आणि पुढे तुमचा त्यावर ताबा राहत नाही. त्यामुळे अशा मालाला एफसीए जास्त बसतं: ठरलेल्या ठिकाणी फॉरवर्डरच्या हाती दिला की जोखीम पुढे गेली. खरेदीदार सीआयएफ, म्हणजे त्याच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा धरून भाव मागेल तर भाडं आणि विमा वेगळ्या ओळीत दाखवा, भाड्याची मुदत लिहा आणि विमा मालाच्या किमतीच्या ११० टक्के घ्या. सीआयएफमध्ये मिळणाऱ्या किमान विम्यात हाताळताना झालेली फूट सहसा येत नाही, म्हणून सिरॅमिकसाठी तुटफूट स्पष्ट लिहिलेली पॉलिसी मागा. त्यांच्या देशातली जकात भरायची जबाबदारी असलेली डीडीपी शर्त मात्र पहिल्या ऑर्डरला घेऊ नका.

पैशांचं बघू. एकूण २३०४ डॉलरचा माल, बनवण्या-पॅकिंगचा खर्च १६३२. तीस टक्के आगाऊ घेतले तर खरेदीदार गायब झाल्यावर ९४१ डॉलर तुमच्या अंगावर येतात, पन्नास टक्क्यांवर ४८०. रंगसंगती त्याच्या पसंतीची असेल तर तो माल दुसऱ्याला खपणार नाही, म्हणून अर्धे आगाऊ मागायला संकोच करू नका. एवढ्या रकमेला लेटर ऑफ क्रेडिटचा, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेच्या हमीचा खर्च परवडत नाही. उरलेले पैसे बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाजाने पाठवलेल्या मालाच्या मालकीच्या कागदाची प्रत पाठवल्यावर घ्या आणि मूळ कागद पैसे जमा होईपर्यंत स्वतःकडे ठेवा. त्याशिवाय माल सुटत नाही, हीच तुमची पकड.

विमानाने पाठवताना ही पकड राहत नाही. एअरवे बिल हा मालकीचा कागद नाही. त्यावर ज्याचं नाव त्याला माल मिळतो, पैसे आलेले असोत वा नसोत. तेव्हा विमान किंवा कुरियर असेल तर पूर्ण पैसे आधी. कार्ड किंवा पेपॅलने घेतलेली रक्कमही लगेच आपली मानू नका. पेपॅलवर खरेदीदार १८० दिवसांपर्यंत वाद उकरून काढू शकतो. बँकेतून आलेल्या रकमेत मधल्या बँका आपला वाटा कापतात, म्हणून "सर्व बँक खर्च खरेदीदाराचा" असं लिहून ठेवा.

कोटेशनच्या शेवटी आणखी एक ओळ घाला: आमचा खातेक्रमांक बदलल्याची मेल आली तर फोनवर खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. मेल हॅक करून मधल्यामध्ये खातं बदलणारे नेमके शिल्लक रकमेच्या वेळीच टपकतात.