जन्म न्यू जर्सीत, पत्रिका नागपुरात

ताई, सासूबाईंनी नागपूरच्या महाल भागातल्या गुरुजींकडून करून घेतलेली बाळाची पत्रिका पाहिली. त्यात गणित किती आणि श्रद्धा किती, असं तुम्ही विचारलंत. आधी गणित बघू, कारण चूक तिथेच आहे.

जन्मवेळी चंद्र ज्या राशीत, ती बाळाची रास. ज्या नक्षत्रात, त्याच्या स्वामी ग्रहाची महादशा, म्हणजे ठरावीक वर्षांचा काळ, जन्मतः चालू असते. नक्षत्र 13 अंश 20 कलांचं, म्हणजे 800 कलांचं. चंद्राने त्यातलं जेवढं ओलांडलं तेवढी दशा संपली, उरलेली भोगायची.

तुमच्या पत्रिकेत चंद्र मिथुनेत 26 अंशांवर आहे. पुनर्वसू मिथुनेच्या 20 अंशांपासून सुरू होतं, म्हणून 360 कला गेल्या, 440 उरल्या. पुनर्वसूचा स्वामी गुरू, त्याची दशा 16 वर्षांची. शिल्लक 8 वर्षं 9 महिने. हिशेब चोख आहे. पण वेळेपुढे ‘सकाळी 9, नागपूर’ असं छापलंय! न्यू जर्सीत जूनमध्ये सकाळचे 9 वाजतात तेव्हा नागपुरात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. साडेनऊ तासांत चंद्र पाचेक अंश पुढे सरकतो, म्हणजे तो कर्केच्या 1 अंशावर येतो. रास मिथुन नाही, कर्क. नक्षत्र पुनर्वसूच, पण त्याच्या चार चरणांपैकी दुसरं नाही, चौथं. नावाचं अक्षर ‘को’ऐवजी ‘ही’. गुरूची शिल्लक दशा 2 वर्षं 9 महिने, आणि पुढची शनीची महादशा तब्बल सहा वर्षं आधी सुरू होते. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, तर साधारण दोन तासांत बदलतं, त्यामुळे तेही चुकलंय.

तुम्हालाही हे तपासता येईल. जन्मवेळ भारतीय वेळेत बदला आणि त्या दिवशीच्या पंचांगात चंद्ररास नि नक्षत्र बघा. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात, ते विसरू नका. एका तासाच्या चुकीनेही गुरूची दशा सात-आठ महिन्यांनी सरकते. लग्न मात्र जन्मगावाच्या अक्षांश-रेखांशावरूनच काढायचं.

इथवर खगोल आहे, कोणीही पडताळावं. पुनर्वसूला गुरूच का आणि गुरूला 16 वर्षंच का, याला खगोलात आधार नाही. ती परंपरेने दिलेली वाटणी आहे. फलिताची परीक्षाही झाली आहे. 2008 मध्ये जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना ओळखायला दिल्या. सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. म्हणून शनीची दशा लवकर येते म्हणून घाबरू नका आणि त्यासाठी शांतीवर पैसेही घालू नका.

बारसं सासूबाईंच्या मनासारखं करायचं असेल, तर गुरुजींना जन्मगाव, तिथली वेळ आणि ‘उन्हाळी वेळ चालू होती’ हे तिन्ही लिहून पाठवा. ते अर्ध्या तासात पत्रिका दुरुस्त करून देतील.