निष्कर्षातून शिफारस कशी काढायची: एका वाटीची गोष्ट

प्रश्न: एमएसडब्ल्यूचा प्रकल्प अहवाल गाइडनी परत दिलाय. शेरा असा: "शिफारशी निष्कर्षांतून निघत नाहीत. कोणी काय करायचं तेही नाही." विषय गावातला पाणीपुरवठा. सर्वेक्षण नीट केलंय, आकडे आहेत. मग शिफारशी लिहायच्या तरी कशा?

उत्तर:

तुमच्या शिफारशी न वाचताच सांगते. त्यात "जनजागृती करण्यात यावी" असेल, "शासनाने लक्ष द्यावे" असेल आणि बहुधा "पाणी उकळून प्यावे" हेही असेल. टोमणा मारत नाहीये, माझ्या पहिल्या अहवालात ही तिन्ही होती. गावोगावी पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत मी तेव्हा नवीन होते. त्या अहवालात काय चुकलं ते सांगितलं तर तुमचं उत्तर त्यातच मिळेल. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत.

गावात एक उंच टाकी आणि तिच्यावरून नळयोजना. आम्ही 12 नळांवर ओटी टेस्ट केली. नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकायचे. क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं, आणि तो रंग तक्त्याशी ताडून किती शिल्लक आहे ते कळतं. नळापर्यंत लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. टाकीजवळच्या 7 नळांवर पिवळा रंग आला, वरच्या वस्तीतल्या 5 नळांवर आला नाही. मी निष्कर्ष लिहिला, "12 पैकी 5 नळांवर क्लोरीन आढळला नाही." त्याखाली क्लोरीन देणाऱ्या पावडरीची शिफारस लिहिली, "पाण्यात नियमितपणे टीसीएल पावडर टाकण्यात यावी."

वाचायला किती सरळ वाटतं! ग्रामपंचायतीत अहवाल वाचून दाखवला तेव्हा जलसुरक्षक शांतपणे म्हणाले, "अहो मॅडम, रोज टाकतो की. रजिस्टर बघा." रजिस्टरात खरंच रोजची नोंद होती. शिवाय पावडर पडतच नसती तर जवळच्या 7 नळांवर तरी पिवळा रंग कुठून आला असता? माझा स्वतःचा निष्कर्षच माझ्या शिफारशीला खोटं पाडत होता आणि ते मला दिसलं नव्हतं.

चूक कुठे झाली ते नीट बघा. "क्लोरीन आढळला नाही" ही फक्त स्थिती. शिफारस स्थितीवर बसत नाही, ती कारणावर बसते. लेखापरीक्षणातली माणसं एक निष्कर्ष चार भागांत मांडतात: निकष काय होता, प्रत्यक्षात काय आढळलं, तसं का झालं, त्याचा परिणाम काय. आपल्या अहवालांत पहिले दोन भाग असतात, चौथा थोडाफार असतो आणि तिसरा हमखास गायब. मग मधली पायरीच नसल्यामुळे शिफारस हवेतून येते. कोणत्याही गावाच्या कोणत्याही अहवालात चालेल अशी ती वाटते, आणि खरंच तशी असते.

आम्ही पुन्हा गेलो. या वेळी एकच विचारलं, पावडर टाकता म्हणजे नक्की काय करता? जलसुरक्षकांनी एक स्टीलची वाटी काढून दाखवली. रोज एक वाटी. किराणा दुकानातल्या काट्यावर तोलली तर ती भरली 100 ग्रॅम. ताज्या पावडरीचं रूढ प्रमाण आहे 1000 लिटरला 5 ग्रॅम. टाकी 50,000 लिटरची, म्हणजे 250 ग्रॅम हवी. मग ही वाटी आली कुठून? जुनी टाकी 20,000 लिटरची होती. तिला 100 ग्रॅम अगदी बरोबर. नवी टाकी बांधली, उद्घाटन झालं, नारळ फुटला, वाटी मात्र जुनीच राहिली.

त्यातून आणखी एक गोष्ट निघाली. रोज 100 ग्रॅम म्हणजे महिन्याला 3 किलो, म्हणून 25 किलोचं पोतं आठ महिने पुरायचं. ते तोंड उघडं ठेवून दमट खोलीत पडलेलं असायचं. टीसीएल उघडी राहिली की तिचा जोर उतरत जातो. म्हणजे मापही कमी आणि पावडरही मेलेली. जेवढा क्लोरीन होता तो वाटेतच संपायचा, वरच्या वस्तीपर्यंत काही उरायचंच नाही.

आता निष्कर्ष पुन्हा लिहून बघा: "टाकीची क्षमता 20,000 वरून 50,000 लिटर झाली, पण टीसीएलचे माप 100 ग्रॅमच राहिले आणि पोते आठ महिने उघडे राहते, त्यामुळे 12 पैकी शेवटच्या 5 नळांवर क्लोरीन उरत नाही." यातून शिफारस वेगळी शोधावी लागत नाही. माप बदला आणि पावडर झाकून ठेवा. "जनजागृती" इथे कुठेच बसत नाही, कारण कुणाच्या अज्ञानाने हे घडलंय असं आपल्या माहितीत काही नाही. गावकऱ्यांना कितीही जागृत केलं तरी वाटी 100 ग्रॅमचीच राहणार.

आता "कोणी". मराठीत लपायला फार चांगली जागा आहे आणि तिचं नाव "करण्यात यावे". या रचनेत कर्ता लागतच नाही. मी नंतर स्वतःला एक नियम घालून घेतला: शिफारशीचं वाक्य "-ने" किंवा "-नी" लागलेल्या माणसापासूनच सुरू करायचं. जलसुरक्षकाने, ग्रामसेवकाने, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी. नुसत्या एवढ्याने निम्म्या शिफारशी गळून पडतात, कारण "जनजागृती"च्या आधी लिहायला नाव सापडत नाही. "शासनाने" आणि "प्रशासनाने" यांना मी नाव धरत नाही. तहसील कचेरीत "शासन" नावाचं टेबल नसतं.

पण नाव घातलं की काम झालं असंही नाही. ज्याच्या हातून काम होतं आणि ज्याच्या सहीने होतं, ती माणसं सहसा वेगळी असतात. पावडर टाकणार जलसुरक्षक. 250 ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला साडेसात किलो लागणार, वर्षाला 90 किलो, म्हणजे जवळजवळ चार पोती. आधी दीड पोत्यात वर्ष निघायचं. हा जास्तीचा खर्च जलसुरक्षक करू शकत नाही, तो ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत मंजूर व्हावा लागतो. नुसतं "जलसुरक्षकाने 250 ग्रॅम टाकावी" लिहिलं असतं, तर त्यांनी तीन-साडेतीन महिन्यांत पोतं संपवलं असतं आणि वर्षाचा उरलेला काळ टाकीत काहीच पडलं नसतं. शिफारस चांगली आणि गाव आधीपेक्षा वाईट स्थितीत, असंही होऊ शकतं.

म्हणून तिचे तुकडे पडले. शेवटी अहवालात गेलं ते साधारण असं:

"(निष्कर्ष 2 वरून) ग्रामपंचायतीने येत्या मासिक सभेत वर्षाला 90 किलो टीसीएलची खरेदी मंजूर करावी, एका वेळी एकच पोते घ्यावे. ग्रामसेवकाने 250 ग्रॅमची खूण केलेला मग व झाकणाचा डबा पंधरा दिवसांत द्यावा आणि टाकीवर तिची क्षमता व टीसीएलचे माप रंगवून घ्यावे. जलसुरक्षकाने पावडर बादलीत कालवून, निवळ टाकीत ओतून अर्ध्या तासाने पाणी सोडावे. आरोग्य सेवकाने आठवड्यातून एकदा वरच्या वस्तीतल्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट घेऊन नोंद ठेवावी."

शेवटचं वाक्य विसरू नका. शिफारस पाळली गेली की नाही हे ज्यावरून कळेल ती खूणही शिफारशीतच हवी. आणि ती खूण मूळ निष्कर्षातल्याच मोजमापाची हवी. क्लोरीन नाही म्हणून सुरुवात केलीत, तर शेवट रजिस्टरातल्या सहीवर करू नका. सह्या आधीही होत्याच.

आणखी एक सवय लावून घ्या. ज्यांची नावं घातलीत त्यांना कच्चा मसुदा वाचून दाखवा. मी आधी ओटीचं द्रावण ग्रामपंचायतीने विकत घ्यावं असं लिहिलं होतं. ग्रामसेवक म्हणाले, ते आम्हाला प्राथमिक आरोग्य केंद्रातून येतं. एका वाक्यात शिफारशीचा पत्ता बदलला. हे घरी बसून कळलं नसतं.

कारण सापडलंच नाही तर? तर ते मान्य करायचं. त्याच गावात एका हातपंपाच्या पाण्यात किटवर नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर दिसलं. पिण्याच्या पाण्याची ती मर्यादा आहे. मला लगेच लिहावंसं वाटलं, "शेतकऱ्यांनी युरिया कमी वापरावा." पण पंपाच्या एका बाजूला शेत होतं, दुसऱ्या बाजूला गोठा आणि शौचालयाचा शोषखड्डा. नायट्रेट तिघांतल्या कुठूनही येऊ शकतं, आणि आमच्याकडे नमुना एकच. अशा वेळी शिफारस तपासाची: ग्रामसेवकाने नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, पावसाळ्याआधी आणि नंतर, आणि निकाल येईपर्यंत त्या पंपावर "पिण्यासाठी नाही" अशी पाटी लावावी. पाटी लावायला कारण माहीत असावं लागत नाही, स्थिती पुरते. युरियाबद्दल बोलायला मात्र कारण लागतं.

याच पंपाबद्दल माझ्या जुन्या अहवालात "पाणी उकळून प्यावे" होतं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते थोडं दाटच होतं. सवयीने लिहिलेली शिफारस निष्कर्षाच्या थेट विरोधात जाते ती अशी.

तुमच्या मसुद्यावर आता हे करून बघा. शिफारशींच्या पानावर प्रत्येकीपुढे पेन्सिलने निष्कर्षाचा क्रमांक लिहा. जिच्यापुढे क्रमांक लिहिता येत नाही ती खोडा, मग ती कितीही आवडती असो. माझ्या 14 होत्या, 4 उरल्या. पानं कमी झाली म्हणून घाबरू नका. उलट एखाद्या निष्कर्षापुढे शिफारस नसली तरी चालतं, काही गोष्टी फक्त नोंदवायच्या असतात.

दोन महिन्यांनी आम्ही त्या गावात परत गेलो. मग होता, डबा होता, टाकीवर रंगवलेलं माप होतं. वरच्या वस्तीतल्या 5 पैकी 3 नळांवर पाणी पिवळं झालं, दोनवर नाही. हे दोन्ही नळ गटाराच्या पलीकडचे निघाले. गटाराच्या अलीकडच्या नळावर रंग चांगला गडद आणि पलीकडे एकदम शून्य. नुसतं माप कमी असतं तर रंग नळागणिक थोडा थोडा फिका होत गेला असता. पाइप गटाराखाली फुटलेला असणार, असा अंदाज घेऊन आम्ही नवा निष्कर्ष लिहिला. त्याखालच्या शिफारशीत जलसुरक्षकांचं नाव कुठेच आलं नाही.