जार टेस्टमध्ये तुरटी वाढवली तरी पाणी परत गढूळ का झालं?

प्रश्न: "प्रॅक्टिकलला जार टेस्ट केली. माती कालवून १५० एनटीयूचं पाणी बनवलं, नळाचं कमी पडलं म्हणून अर्ध्याहून जास्त आरओचं घेतलं. अल्कलिनिटी २० मिग्रॅ/लि आली. फिल्टर ॲलमचे डोस १०, २०, ३०, ४०, ५०, ६० मिग्रॅ/लि दिले आणि शेवटी टर्बिडिटी अनुक्रमे ६२, ३१, १२, ६, १९, ४४ आली. शेवटच्या दोन बीकरमध्ये पाणी परत गढूळ कसं झालं? जर्नलमध्ये ऑप्टिमम ४० लिहू का? परवा व्हायवा आहे."

उत्तर:

रीडिंग चुकलेलं वाटत नाही, उलट असं पाणी घेतल्यावर साधारण हेच व्हायला पाहिजे. ४० लिहा, पण त्याखाली "ओव्हरडोसमुळे चार्ज रिव्हर्सल झालं" हे सगळ्या जर्नलमध्ये असतं ते वाक्य डोळे झाकून उतरवू नका, कारण तुमच्या बीकरमध्ये आधी संपलीय ती अल्कलिनिटी, आणि एक्स्टर्नल जरा जागा असेल तर तो नेमकं त्याच आकड्यावर बोट ठेवणार.

तुरटी पाण्यात पडली की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड बनतं, तोच तो पांढरा चिकट फ्लॉक ज्याला माती धरते. ते बनताना ॲसिड सुटतं आणि ते ॲसिड पाण्यातलं बायकार्बोनेट खाऊन टाकतं. फिल्टर ॲलमचं सूत्र Al2(SO4)3·18H2O धरलं तर रेणुभार ६६६, आणि तेवढ्याला कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात ३०० भाग अल्कलिनिटी लागते, म्हणजे १ मिग्रॅ तुरटीला साधारण ०.४५ मिग्रॅ. काही पुस्तकांत ०.५ असतं, तिथे पाण्याचे रेणू १४ च्या आसपास धरलेले असतात, त्यावरून भांडत बसू नका.

आता तुमचेच आकडे टाका. ४० च्या डोसला १८ अल्कलिनिटी गेली, २० पैकी २ उरली. ५० ला लागणार २२.५, आहे २०. म्हणजे पाचव्या बीकरपासून ॲसिड आवरायला पाण्यात काही उरलंच नाही, पीएच धाडकन खाली आला, बहुतेक पाचच्याही खाली, आणि तिथे ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड नीट बनतच नाही. ते प्लस चार्जवाल्या रूपात विरघळून राहतं, मातीच्या कणांना चिकटतं आणि कण परत एकमेकांपासून लांब राहतात. त्यामुळे चार्जचा भाग यात आहेच, मी नाही म्हणत नाही, पण त्याचं मूळ पडलेल्या पीएचमध्ये आहे. आणि मूळ वेगळं असलं की उपायही वेगळा, म्हणून हे नीट समजून घ्या.

बरं हे माझ्या शब्दावर मानू नका, पाणी अजून टाकलं नसेल तर सहाही बीकरचा पीएच घ्या. पट्टीने नको, मीटरने. चौथ्यात साडेपाच-सहाच्या दरम्यान आणि पाचव्या-सहाव्यात पाचच्या आसपास किंवा खाली आला तर विषय संपला. जर सहाव्यातही साडेसहा-सात आला तर मी चूक आणि खरंच ओव्हरडोस.

पीएच मीटर नसेल तर डोळ्यांनीही बरंच कळतं. स्लो मिक्सिंग सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली की बीकरच्या मागे ट्यूबलाइट येईल असं बघा. चांगल्या बीकरमध्ये टाचणीच्या डोक्याएवढे दाणे फिरताना दिसतात आणि मुख्य म्हणजे दाण्यांच्या मधलं पाणी स्वच्छ दिसतं. पीएच पडलेल्या बीकरमध्ये दाणे नसतातच, सगळीकडे एकसारखं दुधट धुकट पाणी, अर्धा तास ठेवलं तरी तसंच. तिसराही एक प्रकार असतो, फ्लॉक मोठे कापसासारखे होतात पण हलके असतात म्हणून बसत नाहीत, वरच तरंगतात आणि पिपेटमध्ये येऊन टर्बिडिटी वाढवतात. पीएच ठीक असताना तुरटी जास्त झाली की हे बघायला मिळतं. या शेवटच्या दोन्ही प्रकारांत नेफेलोमीटरवर आकडा वाढलेलाच दिसणार, म्हणून प्रत्येक बीकरसमोर "फ्लॉक कसा दिसला" असा एक कॉलम ठेवाच, नुसत्या एनटीयूवरून कारण कळत नाही.

आता वेळ असेल तर हा एक सेट परत लावा, सगळी मजा यातच आहे. तेच पाणी घ्या, त्यात अल्कलिनिटी ३० ने वाढवा. त्यासाठी खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट बेस्ट, १ मिग्रॅ अल्कलिनिटीला १.६८ मिग्रॅ लागतो, म्हणजे लिटरला ५० मिग्रॅ. एक टक्का द्रावण करा, १०० मिलीत १ ग्रॅम, आणि प्रत्येक लिटर पाण्याला ५ मिली घाला. हे तुरटीच्या आधी घालून ढवळून घ्यायचं, नंतर नाही. प्लँटवर चुना वापरतात कारण तो स्वस्त, पण बीकरमध्ये जरासा जास्त पडला की पीएच एकदम वर उडतो आणि सगळा खेळ बिघडतो, म्हणून प्रॅक्टिकलला सोडाच बरा. आता एकूण अल्कलिनिटी ५०, सहाव्या बीकरने २७ खाल्ली तरी २३ उरते. तेच सहा डोस द्या. ५० आणि ६० चं पाणी यावेळी स्वच्छ निघालं तर तुमच्याकडे पुरावा आला. दोन्ही कर्व्ह एकाच ग्राफवर काढा, एक खाली जाऊन परत वर चढणारा आणि दुसरा खाली जाऊन सपाट होणारा, असा ग्राफ समोर ठेवला की व्हायवाला तुम्हाला फार बोलावंही लागणार नाही.

सेट परत लावताना डोस देण्याची पद्धत मात्र बघा. बहुतेक लॅबमध्ये एकच पिपेट असते आणि एकेका बीकरमध्ये आरामात तुरटी सोडत जातात, तोपर्यंत पहिल्या बीकरचं रॅपिड मिक्सिंग संपत आलेलं असतं आणि शेवटच्याचं सुरूच झालेलं नसतं. तुरटीची रिॲक्शन काही सेकंदांत होते, त्यामुळे तो फरक रीडिंगमध्ये उतरतो. सहा सिरिंज किंवा छोट्या टेस्ट ट्यूब आधीच भरून ठेवा, १०० आरपीएमला पॅडल फिरत असताना दोघा-तिघांनी मिळून एकदमच ओता. एक टक्का स्टॉक असेल तर १ मिली म्हणजे लिटरला १० मिग्रॅ, सोपा हिशोब. एक मिनिट १०० आरपीएम, मग ३० ते ४० वर १५-२० मिनिटं, मग पॅडल हळू वर काढून २०-३० मिनिटं स्थिर. नंतर बीकर तिरका करून ओतायचा नाही, पृष्ठभागाच्या दोन-तीन सेंटीमीटर खालून पिपेटने पाणी घ्यायचं, आणि नेफेलोमीटर एकच असेल तरी सहाही सँपल एकाच वेळी काढून ठेवायचे, नाहीतर शेवटच्या बीकरला बसायला फुकट पाच-सहा मिनिटं जास्त मिळतात. बाकी स्टॉक त्याच दिवशी केलेला असू द्या.

आणि एक, बाटलीवर काय लिहिलंय ते एकदा परत वाचा. तुम्ही फिल्टर ॲलम म्हणताय म्हणून मी ६६६ धरून चाललोय, पण बऱ्याच कॉलेजांत पोटॅश ॲलम असतं, दाढीनंतर फिरवायची ती दुकानातली तुरटीही तीच. तिच्यात ॲल्युमिनियम ५.७ टक्के, फिल्टर ॲलममध्ये ८.१ टक्के. म्हणजे पोटॅश ॲलमचे ४० मिग्रॅ हे फिल्टर ॲलमच्या साधारण २८ मिग्रॅच्या बरोबरीचे, आणि अल्कलिनिटीही त्याच प्रमाणात कमी खाल्ली जाते. तसं निघालं तर ६० लासुद्धा साधारण १९ च अल्कलिनिटी लागते, म्हणजे मी वर केलेला हिशोब तुमच्या ५० च्या बीकरला लागू पडणार नाही आणि मग पीएच बघितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आता ४० चं. सगळ्यात कमी टर्बिडिटी ४० ला आहे म्हणून ऑप्टिमम ४०, हे जर्नलपुरतं बरोबर. पण प्लँटवरचा माणूस ३० आणि ४० मध्ये विचार करेल, कारण १२ वरून ६ वर यायला १० मिग्रॅ जास्त लागले, आणि १० एमएलडीच्या प्लँटला ते होतात रोजचे १०० किलो, शिवाय तेवढा गाळही वाढतो. पुढचा फिल्टर १२ झेपवणार का यावर ते ठरतं. माझं मत विचाराल तर या पाण्यावर, सोडा न घालता, मी ४० वर प्लँट चालवणार नाही. २ अल्कलिनिटी उरलीय म्हणजे अगदी काठावर, डोसर थोडा पुढे गेला किंवा नदीचं पाणी थोडं बदललं की पाचवा बीकर सुरू. आणि पावसाळ्यात होतं नेमकं हेच, पहिल्या मोठ्या पावसात गढूळपणा वाढतो म्हणून तुरटी वाढवावी लागते, आणि त्याच वेळी पावसाचं पाणी मिसळून अल्कलिनिटी खाली गेलेली असते. म्हणून तुरटीच्या जोडीला चुन्याची सोय लागते.

पीएच पडलेल्या पाण्यात अजून एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ६० मिग्रॅ तुरटीत जवळपास ५ मिग्रॅ ॲल्युमिनियम असतं आणि फ्लॉक न बनल्यामुळे त्यातलं बरंचसं पाण्यातच विरघळून राहतं. आयएस १०५०० मध्ये ॲल्युमिनियमची मर्यादा ०.०३ आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ०.२ पर्यंत. आणि विरघळलेलं असल्यामुळे ते फिल्टरमधून सरळ पार जातं. "पाचवा बीकर फिल्टर पेपरमधून गाळला तर चालेल का" असं विचारलं तर उत्तर हे.

जर्नलमध्ये ऑप्टिमम डोसच्या ओळीत नुसतं "४० मिग्रॅ/लि" लिहू नका. फिल्टर ॲलम, कच्च्या पाण्याची टर्बिडिटी १५०, अल्कलिनिटी २०, डोसनंतरचा पीएच अमुक, असं पूर्ण लिहा, आणि आरओचं पाणी मिसळलं होतं हेही लिहा. सोड्याचा सेट जमला तर दोन्ही सेटचे पीएच इथे टाका, बघू.