बारावीच्या पुरवणी परीक्षेआधी फिजिक्सचा पेपर पुन्हा उघड

निकाल लागला म्हणून मार्चचा पेपर रद्दीत टाकू नकोस. बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव आणि सोडवलेले जुने पेपर शेजारी ठेव. फक्त 2020-21 पासूनच्या अभ्यासक्रमाचेच घे, त्याआधीचे जुळणार नाहीत.

आता मार्चच्या प्रत्येक प्रश्नापुढे एकच खूण कर: प्रश्न जसाच्या तसा आधी सोडवला होता, धडा तोच पण विचारण्याची पद्धत वेगळी होती, की कधी पाहिलाच नव्हता. मग गेलेले मार्क त्यापुढे लिही.

माझ्या भाचीच्या पेपरचं, दादरच्या आमच्या घरी बसून, हेच केलं. तिला वाटत होतं पेपर सिलॅबसबाहेरचा होता. प्रत्यक्षात बहुतेक मार्क मधल्या खुणेत गेले होते. यंगच्या प्रयोगात λ, D, d देऊन पट्ट्याची रुंदी तिने अनेकदा काढली होती, 0.6 मिमी. मार्चमध्ये तीच मांडणी पाण्यात बुडवली, अपवर्तनांक 4/3. पाण्यात तरंगलांबी 4/3 ने भागली जाते, म्हणून उत्तर 0.45 मिमी. तिने 4/3 ने गुणून 0.8 लिहिलं होतं. सूत्र पाठ होतं, λ का बदलते ते नव्हतं.

अशा ठिकाणी आणखी पेपर सोडवू नकोस. सोडवलेल्या उदाहरणातली एक राशी बदल आणि उत्तर वाढेल की घटेल ते आधी तोंडी सांग.

विभाग 'क' मध्ये 12 पैकी 8 प्रश्न सोडवायचे असतात. निवडीत चुकली होतीस का, तेही छायाप्रतीत दिसेल.