पावसाळ्यात कपाटातल्या बॅगा, बूट आणि साड्यांना बुरशी लागू नये म्हणून

प्रश्न: मुंबईत दुसऱ्या मजल्यावर राहतो. दर जुलैत कपाटातल्या लेदरच्या बॅगा, बूट आणि खालच्या खणातल्या साड्यांवर बुरशी येते. डांबरगोळ्या, सिलिका जेलच्या पुड्या, सगळं ठेवून झालं, काही फरक नाही. काय करावं?

उत्तर:

पहिल्यांदा डांबरगोळ्या काढा. त्या कसरीसाठी असतात, बुरशी थांबवणं हे त्यांचं कामच नाही. उलट त्यांच्या उग्र वासात कुबट वास दबून जातो. बुरशी डोळ्यांना दिसण्याच्या आधी तिची खूण म्हणजे तोच वास, आणि नेमका तोच आपल्याला येत नाही.

सिलिका जेल वाईट नाही, पण त्याच्याकडून आपण भलतीच अपेक्षा करतो. सुती कापड कोरडं वाटलं तरी त्यात पाणी असतंच. हवेतली आर्द्रता 65 टक्के असते तेव्हा शंभर ग्रॅम सुतात साधारण साडेआठ ग्रॅम पाणी मुरलेलं असतं, आणि जुलैत त्याहून जास्त. म्हणजे कपाटात पंधरा किलो सुती कपडे असतील तर सव्वा लिटरच्या वर पाणी कपाटातच आहे. पाच ग्रॅमची पुडी त्यातलं फार तर दीड ग्रॅम पिणार. शिवाय कपाटाच्या फटींतून दमट हवा आत येतच राहते, त्यामुळे दोन-तीन दिवसांत पुडी भरून निकामी होते.

मी रत्नागिरीत राहते. आमच्याकडेही वर्षानुवर्षं हेच चालायचं. मग एकदा आर्द्रता मोजायची दोन छोटी यंत्रं आणली. एक खोलीत ठेवलं, दुसरं कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात, साड्यांच्या मागे, भिंतीला लागून. खोलीत 80 होतं आणि साड्यांच्या मागे 93. एकाच घरात एवढा फरक कसा, तर आमचं कपाट पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला होतं. त्या भिंतीवर दिवसभर पाऊस झोडपतो आणि ती गार पडते. खोलीतली 28 अंशांची, 80 टक्के आर्द्रतेची हवा तीन अंशांनी जरी गार झाली, तरी तिची आर्द्रता 95 पर्यंत चढते. 70 च्या वर काही दिवस राहिलं की बुरशीला पुरतं. तुमच्याही साड्यांवर खालच्याच खणात येते, म्हणून मला आधी भिंतीचा संशय येतो. कपाट सरकवता येत असेल तर भिंतीपासून किमान चार बोटं पुढे घ्या. भिंतीत बसवलेलं असेल तर प्रत्येक खणात मागची वीतभर जागा मोकळी सोडा.

आता सामानाच्या दोन वाटण्या करा. आठवड्याला वापरायचे कपडे कपाटात सैल राहू द्यात, वापरातल्या हालचालीनेच त्यांना वारा लागतो. दसऱ्यापर्यंत लागणार नाहीत त्या बॅगा, बूट, भारी साड्या कपाटातून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करा. बंद करण्याआधी त्या खऱ्याखुऱ्या सुकायला हव्यात, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. ‘हवा खेळती ठेवा’ म्हणून खिडकी उघडतात, पण जुलैतली मुंबईची बाहेरची हवाच दमट, ती कपडे काय सुकवणार? एसी असेल तर खोली बंद करून तो ड्राय मोडवर चालवा, बॅगांच्या चेना उघडून सगळं पलंगावर पसरा आणि चार-पाच तास तसंच राहू द्या. यंत्र 55 च्या आसपास आलं की त्याच खोलीत, एसी चालू असतानाच डबे भरा. एसी नसेल तर उघडिपीच्या दिवसाची वाट बघा. साड्या उलट्या करून ऊन दाखवा, पण लेदर उन्हात ठेवू नका, ते तडकतं. त्याला सावलीत पंख्याखाली ठेवा.

डबा रबरी कडेच्या झाकणाचा, चारी बाजूंनी क्लिप लागणारा घ्या. साधारण चाळीस लिटरच्या डब्याला मी 250 ग्रॅम सुटं सिलिका जेल सुती पिशवीत बांधून ठेवते, आणि आर्द्रतेचं एक यंत्र आत ठेवते. पहिल्याच वर्षी दोन बॅगा आणि यजमानांचे लग्नातले बूट भरले, तर तिसऱ्या दिवशी यंत्र 71 दाखवायला लागलं. बूट बाहेरून खडखडीत होते, ओल होती आतल्या तळव्याच्या पट्टीत. पट्ट्या काढून बूट दोन दिवस पंख्याखाली ठेवले, जेल भाजून घेतलं आणि पुन्हा भरलं. मग सप्टेंबरअखेरपर्यंत ते 54 ते 57 मध्येच राहिलं. 65 च्या वर गेलं तरच डबा उघडायचा, उगाच डोकवायचं नाही.

जेल केशरी रंगाचं घ्या, ओलं झालं की ते हिरवं पडतं. ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास ठेवलं की परत केशरी होतं. कॅल्शियम क्लोराईडचे पाणी शोषणारे डबे जास्त पाणी ओढतात हे खरं, पण त्यांच्या तळाला जमतं ते खारं पाणी, आणि ते सांडलं तर लेदर गेलंच समजा. बॅगांच्या वर किंवा शेजारी ते ठेवूच नका.

खळ घातलेल्या साड्या आणि धोतरं मात्र पावसाळ्यात तशी ठेवू नका. खळ म्हणजे पिष्ट, बुरशीचं आवडतं खाणं. मे महिन्यातच खळ धुऊन काढून ठेवा. बुटांचंही तसंच, पायातून काढल्या काढल्या आत टाकू नका. वर्तमानपत्राचे बोळे घाला, ओले झाले की बदला, आणि निदान एक दिवस बाहेर राहू द्या.

लेदरवर पांढरी पुटं दिसली की ती बुरशीच असं नाही. चामड्यातली चरबीही कधी पांढरी होऊन वर येते. केस वाळवायच्या ड्रायरची कोमट हवा अर्धा मिनिट द्या: विरघळून नाहीशी झाली तर चरबी, तशीच राहिली तर बुरशी. बुरशी असेल तर तोंडाला फडकं बांधून बाल्कनीत पुसा, घरात झटकू नका. कापड स्पिरिटने जेमतेम ओलं करा, आधी तळाच्या कोपऱ्यात लावून रंग जातो का ते बघा. ज्या खणात ती वस्तू होती तो खणही पुसून दिवसभर पंख्याने वाळवा.

हे सगळं करूनही खालचा खण ओला लागला, तर कपाटामागच्या भिंतीवर फूटभर चौकोनी प्लॅस्टिक चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला आले, तर पाणी भिंतीतून झिरपतंय. मग बाहेरचं प्लास्टर किंवा पलीकडच्या बाथरूमचा पाइप दुरुस्त होईपर्यंत त्या खणात काहीही ठेवू नका. थेंब प्लॅस्टिकच्या बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला आले, तर ती खोलीतलीच हवा आहे, आणि तिच्यासाठी वरचे उपाय पुरतील.