आडवं झाल्यावर बीपी जास्त, उभं राहिल्यावर कमी

वडिलांना जुना मधुमेह आहे. झोपल्यावर बीपी १७०/९५, उभं राहिलं की १०५/६५ आणि डोळ्यांपुढे अंधारी. गोळी वाढवायची की कमी करायची?

आधी नाडी बघा. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी आणि नाडी मोजा, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी. बीपी एवढं पडूनही नाडी जेमतेम पाच-सहा ठोक्यांनी वाढली, तर रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसाच मधुमेहाने निकामी झाल्याची शक्यता जास्त.

रात्री सपाट झोपल्यावर बीपी चढतं, त्या दाबाने मूत्रपिंडं मीठ-पाणी बाहेर टाकतात. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं आणि सकाळी शरीर कोरडं पडल्याने चक्कर सगळ्यात वाईट. म्हणून पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटरचे ठोकळे ठेवा. नुसत्या उशा चढवून मानच वाकते, उपयोग होत नाही. दुपारीही सपाट न झोपता आरामखुर्चीत टेकावं.

बीपी वाढवणारी मिडोड्रिनची गोळी चालू असेल तर शेवटचा डोस झोपण्याच्या किमान चार तास आधी. सकाळची बीपीची गोळी, विशेषतः लघवी वाढवणारी, चक्कर वाढवते. तिच्याऐवजी झोपताना कमी वेळ टिकणारी गोळी देता येते. हा बदल मात्र वरचे आकडे दाखवून डॉक्टरांकडूनच करून घ्या.